राणी मेरीचे न झालेले बाळंतपण : गर्भधारणेची लक्षणे पुरावा का ठरत नाहीत?

पाळी चुकली, सकाळी मळमळते, स्तन जड वाटतात, दिवसभर थकवा असतो. एवढे झाले की बहुतेक घरांत "दिवस राहिले" असे ठरूनच जाते. पण ही सगळी लक्षणे असूनही गर्भ नव्हता, असे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे.

जुलै 1554 मध्ये इंग्लंडची राणी पहिली मेरी हिचे स्पेनच्या राजपुत्र फिलिपशी लग्न झाले. तेव्हा ती 38 वर्षांची होती. सप्टेंबरमध्ये तिची पाळी थांबली. सकाळी मळमळू लागले, वजन वाढले, पोट दिसू लागले, स्तनही फुगले. नोव्हेंबरमध्ये बाळ पोटात हलल्याचे तिला स्वतःला जाणवले. तिच्या वैद्यांनीही गर्भ असल्याचे सांगितले आणि देशभर चर्चमधून आभाराच्या प्रार्थना झाल्या.

एप्रिल 1555 मध्ये राणी बाळंतपणासाठी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात गेली. परदेशी राजांना पाठवायची पत्रे लिहून तयार होती, फक्त जन्माची तारीख भरायची बाकी होती. एप्रिलअखेर मुलगा झाल्याची अफवा उठली आणि लंडनमध्ये घंटाही वाजल्या. पण मे गेला, जून गेला. हिशेब चुकला असेल म्हणून तारीख पुढे ढकलत गेले. मग पोट हळूहळू उतरले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला राणी गुपचूप दुसऱ्या वाड्यात निघून गेली. 1558 मध्ये पुन्हा तसेच झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली.

राणी खोटे बोलत नव्हती. अशा अवस्थेला खोटी गर्भधारणा म्हणतात आणि तिच्यात लक्षणे खरीच असतात. मेरीला नेमके काय झाले होते, हे आज तपासता येत नाही. तिची पाळी तरुणपणापासून अनियमित होती, एवढे मात्र नोंदीत आहे.

आता तुमच्याकडे वळू. लक्षणे फसवी का ठरतात? कारण ती गर्भामुळे थेट होत नाहीत, हार्मोनमुळे होतात. 28 दिवसांच्या पाळीत साधारण चौदाव्या दिवशी बीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढते. स्तन दुखणे, आळस, पोट फुगणे यांत त्याचा मोठा वाटा असतो. गर्भ राहिला नाही तरी ते दर महिन्याला वाढते. म्हणून पाळीच्या आधी चार दिवस स्तन दुखले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. मळमळ तर बहुधा शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. पाळीची तारीख यायच्या आधीच मळमळत असेल, तर पित्त किंवा औषध हे कारण जास्त संभवते. थकवा रक्त कमी असल्याने किंवा थायरॉइडमुळेही येतो. प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढले तर पाळी थांबते आणि स्तनांतून दूधही येते.

मेरीच्या काळी यांतला फरक ओळखायला साधन नव्हते. खात्रीलायक चाचणी यायला 1928 साल उजाडावे लागले. बर्लिनमध्ये अशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी स्त्रीची लघवी लहान वयाच्या उंदरीला टोचली आणि काही दिवसांनी तिचे बीजकोश तपासले. लघवीत गर्भारपणाचे हार्मोन असेल तर बीजकोशांत बदल दिसत. तेच हार्मोन, म्हणजे एचसीजी, आज मेडिकलमधली पट्टी ओळखते.

गर्भ गर्भाशयाला चिकटल्यावरच एचसीजी तयार होऊ लागते आणि सुरुवातीला साधारण दोन दिवसांत दुप्पट होते. म्हणून पाळी चुकण्याआधी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती अंतिम नसते. पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीने टेस्ट करा. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. तेव्हाही तसेच असेल, तर पाळी का थांबली हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पट्टीलाही मर्यादा आहे. दोन रेषा आल्या तरी गर्भ कुठे आहे हे ती सांगत नाही. तो गर्भनलिकेत असला तरी टेस्ट पॉझिटिव्हच येते. गर्भाची जागा आणि हृदयाचे ठोके सोनोग्राफीत दिसतात, आणि खरा पुरावा तोच. टेस्ट पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला जोरात दुखले, रक्तस्राव झाला किंवा चक्कर आली, तर सोनोग्राफीच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.