रेषेची दोन टोके

काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, म्हणजे ग्राफ. प्रत्येक रेषेचे निदान एक टोक आपल्या निवडीत यावे, असे जास्तीत जास्त k बिंदू निवडता येतील का? हा ‘व्हर्टेक्स कव्हर’चा प्रश्न. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली २१ अवघड प्रश्नांची यादी दिली, तिच्यात हा होता. १०० बिंदूंतून १० निवडण्याचे सगळे प्रकार तपासायचे तर ते सुमारे १७ लाख कोटी भरतात.

पण k लहान असेल तर? १९८६ मध्ये मायकेल फेलोज आणि मायकेल लँगस्टन यांनी याचे उत्तर फार लांबून आणले. रॉबर्टसन आणि सीमूर यांच्या ग्राफ-मायनरच्या गहन सिद्धांतावरून त्यांनी दाखवले की k ठरलेला असेल तर n बिंदूंच्या ग्राफसाठी काम n³ च्या प्रमाणात होते. मात्र k वर अवलंबून असलेला गुणक अवाढव्य होता. पुढच्या वर्षी n³ चे n² झाले. आणि १९८८ मध्ये फेलोज यांनी जी रीत मांडली, ती शाळकरी मुलालाही वहीत करता येईल. कुर्ट मेलहॉर्न यांच्या १९८४ च्या पुस्तकात ती आधीच होती! इतकी साधी गोष्ट एवढ्या वळणाने यावी, याचे मला अजून नवल वाटते.

रीत अशी. अजून न झाकलेली कोणतीही एक रेषा घ्या. तिच्या दोन टोकांपैकी एक तरी निवडावेच लागणार, तिसरा पर्यायच नाही. म्हणून दोन फांद्या करा: एकीत हे टोक घ्या, दुसरीत ते. घेतलेल्या बिंदूच्या सगळ्या रेषा पुसा, k एकाने कमी करा आणि पुन्हा तेच. रेषा संपल्या तर उत्तर सापडले. k शून्य होऊनही रेषा उरली तर ती फांदी सोडा. दोन्ही टोके हवी असली तरी बिघडत नाही, कारण दुसरे टोक पुढे त्याच फांदीत घेता येते.

अ-ब-क-ड-इ असे पंचकोनी चक्र घ्या, k = २. अ-ब रेषेवर अ घेतला की ब-क, क-ड, ड-इ उरतात. ब-क वर ब घेतला तर क-ड आणि ड-इ उरतात, क घेतला तर ड-इ. ब च्या बाजूलाही हेच घडते. चारही फांद्या खुंटल्या, म्हणजे दोन बिंदूंत भागणार नाही, हे सिद्धच झाले. k = ३ केला तर अ, क, ड ही निवड लागलीच मिळते.

झाड k पेक्षा खोल जात नाही, म्हणून शेवटची टोके फार तर 2^k. k = १० असताना ती १,०२४; ग्राफ कितीही मोठा असो, हा आकडा बदलत नाही. ग्राफचा आकार फक्त प्रत्येक टप्प्याच्या कामात येतो. अशा विभागणीने सुटणाऱ्या प्रश्नांना रॉड डाउनी आणि फेलोज यांनी ‘फिक्स्ड पॅरामीटर ट्रॅक्टेबल’ म्हटले.

मात्र k = ५० झाला की टोके १,१२६ लाख कोटी होतात. तेव्हा फांदी फोडण्याआधी छाटणी करावी लागते. ज्या बिंदूला k पेक्षा जास्त रेषा आहेत तो घ्यावाच लागतो, कारण तो सोडला तर त्याचे सगळे शेजारी घ्यावे लागतील आणि ते k मध्ये बसत नाहीत. ही युक्ती सॅम बस यांची. ती लावून झाल्यावर k² पेक्षा जास्त रेषा उरल्या, तर एकही फांदी न फोडता ‘नाही’ म्हणता येते. घाताचा पाया २ वरून खाली आणण्याचे कामही चालूच आहे. डेव्हिड हॅरिस आणि आयआयटी मद्रासचे एन. एस. नारायणस्वामी यांनी तो सुमारे १.२५३ पर्यंत आणला आहे.