'येईन म्हणाली' कुठून आलं?

ताईचा सोमवारी फोन आला, 'मी उद्या येईन.' मंगळवारी सकाळी आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं, "ताई आज येईन म्हणाली." या चार शब्दांत जे घडलं आहे, त्यात मी दोन वर्षं अडकून पडलो आहे. 'उद्या'चा 'आज' झाला, म्हणजे दिवस आईच्या बाजूनं मोजला. पण 'येईन' जसंच्या तसं राहिलं, ते ताईचंच. त्याचं 'येईल' झालं असतं, तर येणारी दुसरीच कुणी आहे की काय, असा संशय आला असता.

इंग्रजीत असं चालत नाही. तिथं 'मी'ची 'ती' करायची, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' करायचा आणि सांगण्याचं क्रियापद भूतकाळी असेल तर आतलं क्रियापदही एक पायरी मागं न्यायचं. मराठीला ही पायरी नाही. 'तो आजारी आहे असं म्हणाला' आणि 'तो आजारी होता असं म्हणाला' ही दोन वेगळी वृत्तं आहेत. दुसऱ्यात आजार सांगण्याच्या आधीचा आहे.

मग बोलणाऱ्याचं क्रियापद जपण्याची ही रीत आली कुठून? अक्कलकोटला एका घरी कन्नड ऐकताना मी थबकलो. 'नाळे बरुत्तेने अंत हेळिदा': उद्या येईन असं म्हणाला. 'बरुत्तेने' हे प्रथमपुरुषीच. आणि 'अंत' म्हणजे ग्रांथिक 'एंदु', 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदापासूनच झालेलं, थेट आपलं 'म्हणून'. जुळणी इथं थांबत नाही. 'भेटावं म्हणून आलो', 'राम म्हणून एक मुलगा' या दोन्ही ठिकाणी कन्नडमध्येही 'अंत' येतं. तेलुगूत 'अनि', तमिळमध्ये 'एन्रु', घडण तीच. दख्खनीतसुद्धा लोक याच कामाला 'बोलके' वापरतात, आणि उत्तरेच्या हिंदीत ते तसं सापडत नाही. मला वाटलं, संपलं: 'म्हणून' हा द्रविड साचा, मराठी मातीनं भरलेला.

पण नेपाळीनं मला अडवलं. तिथं हेच काम 'भनेर' करतं. 'भन्नु' आणि आपलं 'म्हणणे' ही दोन्ही संस्कृत 'भण्'ची लेकरं, आपल्याकडे 'भ'चा नाकातून 'म्ह' झाला इतकंच. बंगालीत 'बोले' हे 'बोलणे'पासून तसंच आलं आहे. काठमांडूला कन्नडचा शेजार नाही. शिवाय वैदिक संस्कृतातच 'इति' आहे: आधी मूळ बोल, मग 'इति'. या 'इति'मागंही द्रविड प्रभाव आहे, असं भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६७ साली मांडलं. हॉक यांनी १९७५ साली त्याला हरकत घेतली. अशा गोष्टी कुठलीही भाषा आपली आपण घडवू शकते, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा मला वजनदार वाटतो.

तरी माझा कौल असा: बोल जसाच्या तसा ठेवून पुढं खूण लावायची सवय आपल्याला 'इति'च्या वारशातून आली, त्या खुणेच्या जागी 'म्हणून' बसलं आणि कारण, हेतू, नाव अशा इतक्या कामांना लागलं, ते कानडी सहवासानं. नेपाळी आणि बंगालीची पुढची वाट निराळी असू शकते, पण 'इति'चा वारसा त्यांचाही आहे. एकाच घरच्या दोन मुली दोन गावी दिल्या तरी माहेरचा एखादा रिवाज दोघींकडे राहतो.

'की'बद्दल थोडंच. 'तो म्हणाला की' मधला 'की' फारसी 'के'पासून आला, असं मानतात. पण 'कीं' हा शब्द ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० च्या सुमारास, 'किंवा' आणि 'खरोखर' या अर्थांनी आहेच. माझा अंदाज, शब्द घरचा आणि हे काम दरबारी फारसीनं दिलेलं. त्याच्यामुळं वाक्याची दिशा मात्र उलटली: 'म्हणून' बोलानंतर येतं, 'की' बोलाच्या आधी. आणि 'की'नंतर 'मी' ठेवा किंवा 'तो' करा, दोन्ही चालतं. 'तो म्हणाला की तो येईल' यातला दुसरा 'तो' कोण, हा घोळ तिथूनच सुरू होतो. 'येईन म्हणाला' यात तो होऊच शकत नाही.

काळाचा घोळ मात्र इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरांतून येतो. 'मंत्री म्हणाले की ते या प्रश्नात लक्ष घालणार होते' असं वाक्य बातमीत आलं, तर मराठी वाचक काय समजेल? घालणार होते, पण घातलं नाही. मंत्री तर फक्त 'लक्ष घालीन' म्हणाले होते. भाषांतर करणाऱ्यांना एवढीच विनंती: तिथं 'लक्ष घालीन, असं मंत्री म्हणाले' असं लिहा.