नवकल्पनांचा प्रसार

नवकल्पनांचा प्रसार हा समाजशास्त्र, संज्ञापनशास्त्र आणि कृषी विस्तार या विषयांत वापरला जाणारा एक सिद्धान्त आहे. एखादी नवी वस्तू, पद्धत किंवा कल्पना समाजात कोणाकडून कोणाकडे, किती काळात आणि कोणत्या मार्गाने पोहोचते, याचे स्पष्टीकरण तो देतो. अमेरिकन अभ्यासक एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली. नवी गोष्ट स्वीकारण्याच्या वेळेनुसार लोकांचे पाच गट पाडणे, हा या सिद्धान्ताचा सर्वांत परिचित भाग होय. पुढे हे गट एका खेड्यात मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याचे ॲप कसे रुजते, या उदाहरणाने स्पष्ट केले आहेत.

पार्श्वभूमी

या सिद्धान्ताची मुळे शेतीत आहेत. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याच्या संकरित बियाण्याचा प्रसार कसा झाला याचा अभ्यास करून १९४३ साली तो प्रसिद्ध केला. संकरित मक्याचे उत्पन्न जास्त होते, तरीही बहुतेक शेतकऱ्यांनी पहिल्या वर्षी थोड्याच क्षेत्रावर तो पेरून पाहिला आणि पुढे क्षेत्र वाढवत नेले. बियाण्याची पहिली माहिती बहुधा विक्रेत्याकडून मिळे. ते पेरण्याचा निर्णय मात्र शेजाऱ्याचा अनुभव पाहून होई. रॉजर्स स्वतः आयोवातील शेतकरी कुटुंबातले होते. त्यांच्या वडिलांनी संकरित मका अनेक वर्षे टाळला होता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्यांचे पीक तगले आणि त्यांचे वाळून गेले.

स्वीकारकांचे गट

रॉजर्स यांचे गट स्वभावावरून नव्हे, तर वेळेवरून ठरतात. प्रत्येकाने नवी गोष्ट केव्हा स्वीकारली याची नोंद घेऊन त्या काळाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढले जाते. स्वीकाराचा आलेख घंटेच्या आकाराचा म्हणजे प्रसामान्य आहे असे मानून त्याचे भाग पाडले जातात.

समजा, ४०० कुटुंबांच्या एका कल्पित गावात ॲप वापरू लागण्याचा सरासरी काळ ३० महिने आणि प्रमाण विचलन १० महिने आहे. पहिल्या १० महिन्यांत ॲप घेणारी सुमारे १० कुटुंबे (२.५ टक्के) नवप्रवर्तक ठरतात. दहाव्या ते विसाव्या महिन्यातील ५४ कुटुंबे (१३.५ टक्के) आद्य स्वीकारक होत. त्यानंतर तिसाव्या महिन्यापर्यंत येणारी १३६ कुटुंबे (३४ टक्के) पूर्व बहुसंख्य आणि चाळिसाव्यापर्यंतची तेवढीच कुटुंबे उत्तर बहुसंख्य. उरलेली ६४ (१६ टक्के) विलंबित स्वीकारक म्हटली जातात. स्वीकारलेल्यांची एकूण संख्या महिन्यागणिक मांडली, तर आलेख इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो: आधी संथ, मध्ये चढा आणि शेवटी सपाट.

ही टक्केवारी कोणत्याही गावाच्या पाहणीतून आलेली नाही. ती आलेखाच्या गणितातून आली आहे. त्यामुळे ‘प्रत्येक गावात १६ टक्के लोक मागे राहतातच’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. शिवाय हे गणित सर्वांनी नवी गोष्ट स्वीकारल्यानंतरच पूर्ण होते. ज्यांनी ती कधीच घेतली नाही, त्यांना या वक्रात जागा नाही.

गावातील प्रसार

भारतात यूपीआय ही प्रणाली २०१६ साली सुरू झाली. या कल्पित गावात तिच्यावर चालणारे ॲप प्रथम येते ते शहरात नोकरी करणाऱ्या तरुणांबरोबर. त्यांचे मित्र आणि व्यवहार गावाबाहेर असतात, आणि पन्नास रुपये अडकले तरी ते त्यांना सोसतात. मात्र याच कारणामुळे गाव त्यांचे अनुकरण करत नाही. ‘त्यांचे ठीक आहे, ते पुण्याला असतात,’ असे म्हणून विषय संपतो. नवप्रवर्तक नवी गोष्ट गावात आणतो, पण तिला गावाची मान्यता मिळवून देणारा सहसा दुसराच कोणी असतो.

तो आद्य स्वीकारकांत सापडतो. खते-बियाण्यांचे दुकान चालवणारा किंवा दूध संस्थेचा सचिव हे या भूमिकेचे नमुने होत. त्यांच्या निर्णयामागे व्यवहार असतो. दुकानदाराला तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे खात्यातूनच द्यायचे असतील, तर ग्राहकाकडून खात्यात आलेली रक्कम त्याच्या लगेच कामी येते. याउलट ज्या चहावाल्याला रोजचे दूध रोखीने घ्यावे लागते, त्याच्या दृष्टीने खात्यातील पैसा अडकलेला पैसा असतो. एटीएम दहा-बारा किलोमीटरवर असेल तर अधिकच. रॉजर्स यांनी ज्याला सुसंगती म्हटले आहे, तिचा अर्थ येथे दिसतो. नवी पद्धत जुन्या व्यवहाराच्या साखळीत बसली पाहिजे. महिन्याच्या उधारीवर चालणाऱ्या किराणा दुकानात ॲप आले तरी खतावणी जात नाही. फक्त महिनाअखेरची वसुली बदलते.

पैसे देण्याच्या ॲपचे बियाण्याहून एक वेगळेपण आहे. शेजाऱ्याने पेरले नाही तरी आपले पीक येते; पण घेणारा कोणीच नसेल तर ॲप निरुपयोगी ठरते. दुकानदार ग्राहकांची वाट पाहतो आणि ग्राहक दुकानांची. किराणा, गिरणी आणि प्रवासी जीप अशा रोजच्या काही ठिकाणी ते एकदम चालू लागले की ही कोंडी फुटते. या टप्प्याला निर्णायक संख्या म्हणतात. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारे दुकानातील यंत्रही येथे महत्त्वाचे ठरते: दुकानदाराला मोबाइल वाचत बसावे लागत नाही आणि रांगेतील प्रत्येकाला व्यवहार पूर्ण झाल्याचे ऐकू येते.

उत्तर बहुसंख्य गट सुट्ट्या पैशांच्या अडचणीने आणि आजूबाजूच्या दबावाने येतो, व त्याचा विश्वास लवकर डळमळतो. खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानदाराला मिळाली नाही, अशी एक घटना पारावर अनेक दिवस चर्चिली जाते. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून झालेली फसवणूक तर संपूर्ण वस्तीला मागे नेऊ शकते. वास्तविक यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. स्वीकारलेली गोष्ट सोडून देण्याला सिद्धान्तात परित्याग म्हणतात. म्हणून दुकानावर क्यूआर पत्रक आहे की नाही हे मोजून प्रसार कळत नाही. गेल्या आठवड्यात त्यावर किती व्यवहार झाले हे पाहावे लागते.

टीका आणि मर्यादा

नवी गोष्ट चांगलीच आहे आणि ती सर्वांनी घ्यावी, असे हा सिद्धान्त गृहीत धरतो, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे. रॉजर्स यांनी आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. दुसरा आक्षेप गटांच्या नावांवर आहे. शेवटच्या गटासाठीचा मूळ इंग्रजी शब्द ‘रेंगाळणारे’ अशा अर्थाचा असून तो दोष माणसावर टाकतो. गावातील त्या ६४ कुटुंबांत शेतमजूर विधवा असू शकते, जिच्या घरी एकच साधा फोन आहे आणि बँक खात्याशी जोडलेला क्रमांक मुलाचा आहे. तिला परंपरावादी म्हणणे हे वर्णन म्हणूनही खरे नाही. साध्या फोनवरून यूपीआय वापरण्याची १२३पे ही सोय मार्च २०२२ मध्ये आली. म्हणजे स्मार्टफोन नसलेल्यांसाठीचा हा मार्ग मूळ प्रणालीनंतर सुमारे सहा वर्षांनी खुला झाला, आणि वेळेवरून गट पाडताना हा उशीरही त्यांच्याच नावे जमा होतो.