मुक्त अप्रत्यक्ष निवेदन

मुक्त अप्रत्यक्ष निवेदन ही कथा-कादंबरीतील निवेदनाची एक पद्धती होय. या पद्धतीत पात्राचे विचार निवेदकाच्या तृतीयपुरुषी कथनातच येतात, परंतु शब्द आणि सूर पात्राचे असतात. 'असे त्याला वाटले' यांसारखी जोड वाक्यातून गाळलेली असते. फ्रेंच भाषेतील या पद्धतीचे वर्णन करून स्विस भाषावैज्ञानिक शार्ल बाई यांनी १९१२ मध्ये तिला नाव दिले. तिचा वापर मात्र त्याआधी जेन ऑस्टिन व गुस्ताव फ्लोबेर यांच्या कादंबऱ्यांत स्थिरावलेला होता.

## एकच विचार, तीन रूपे

पुढील उदाहरण स्पष्टीकरणासाठी रचलेले आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन विकून भानुदास आडतीवरून बाहेर पडला आहे.

*प्रत्यक्ष:* भानुदास मनात म्हणाला, "माझ्या मालात ओल कुठून आली? आता मी घरी काय सांगू?"

*अप्रत्यक्ष:* आपल्या मालात ओल कुठून आली आणि आता घरी काय सांगावे, असा प्रश्न भानुदासला पडला.

*मुक्त अप्रत्यक्ष:* भानुदासने पट्टी उलटसुलट करून पाहिली. ओलीपोटी कपात, मातेऱ्यापोटी कपात, वर हमाली न् तोलाई. आठ दिवस उन्हात वाळवलेल्या मालात ओल कुठून आली म्हणे? आणि आता घरी काय सांगायचं? त्याने पट्टीची घडी करून ती खिशात ठेवली.

तिसऱ्या रूपातील पहिले व शेवटचे वाक्य निवेदकाचे आहे. दुसरे वाक्य दोघांचेही असू शकते. पट्टीवरील नोंदी निवेदक सांगत आहे की भानुदास वाचत आहे, हे ठरवता येत नाही, आणि याच संदिग्ध वाक्यावरून वाचक नकळत पात्राच्या मनात शिरतो. पुढील दोन प्रश्न भानुदासचे आहेत. 'म्हणे' या शब्दात आडत्याच्या दाव्यावरचा त्याचा अविश्वास आहे. कथन भूतकाळात असूनही 'आता' येतो, कारण तो भानुदासचा 'आता' आहे. 'सांगायचे' ऐवजी 'सांगायचं' हे बोलीतले रूप आले आहे आणि त्याला कर्ता जोडावा लागत नसल्याने 'मी' की 'तो' हा प्रश्नच उरत नाही.

## मराठीतील खुणा

इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात क्रियापदाचा काळ सहसा मागे सरकतो. त्यामुळे तेथे काळ व सर्वनाम तृतीयपुरुषी कथनाचे आणि शब्द पात्राचे, अशी सरमिसळ ओळखता येते. मराठीत 'तो म्हणाला की मी येतो' असे वाक्य सहज चालते. काळ बदलण्याची सक्ती नसल्याने मराठी लेखकाला 'म्हणे', 'ना', 'बरं', 'तर' यांसारख्या शब्दांवर, प्रश्न व उद्गारांवर आणि शब्दांच्या निवडीवर अधिक विसंबावे लागते.

'आपण' हे सर्वनाम येथे विशेष उपयोगी पडते. 'आपण आठ दिवस राबलो ते काय उगाच?' या वाक्यात क्रियापद प्रथमपुरुषी असूनही निवेदकाचे कथन तुटत नाही. त्याच जागी 'मी राबलो' आले की ते स्वगत होते.

## बोलीचे प्रमाण

प्रमाणभाषेतील निवेदनात नांदेड-लातूरकडील बोलीचा एखादाच शब्द, उदाहरणार्थ 'का' ऐवजी 'कामून', विचार कोणाचा हे दाखवण्यास पुरतो. 'जाऊलालो' यासारखी क्रियारूपे सलग आली, तर वाक्य अवतरणचिन्हे गळालेल्या संवादासारखे वाटू लागते व निवेदकाचा आवाज नाहीसा होतो. उलट, संपूर्ण निवेदनच बोलीत असेल तर एकट्या बोलीशब्दावरून दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत.

लातूर जिल्ह्यात जन्मलेले रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) ही कादंबरी मराठवाडी बोलीत आहे. मात्र तिची कथा पारबती स्वतः सांगते. निवेदक आणि पात्र एकच असल्याने, बोलीत मन उलगडत असले तरी, ते निवेदन येथे वर्णिलेल्या अर्थाने मुक्त अप्रत्यक्ष ठरत नाही.

## मत कोणाचे?

या पद्धतीतील मुख्य अडचण मताच्या मालकीची आहे. वरील उताऱ्यात 'सगळे आडते एकजात लबाड' असे वाक्य आले, तर ते संतापलेल्या भानुदासचे मत आहे की कादंबरीचा निष्कर्ष, हे वाक्यरचना सांगत नाही. वाक्याच्या शेवटी 'असे त्याला वाटले' जोडून पाहणे ही प्राथमिक कसोटी होय. जोड सहज बसली, तर वाक्य पात्राचे असण्याचा संभव असतो. अंतिम निर्णयासाठी मात्र कादंबरीत इतरत्र आडत्याची बाजू कशी येते, हे पाहावे लागते.

हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. 'मादाम बोव्हारी'वर १८५७ मध्ये पॅरिसमध्ये अनैतिकतेचा खटला चालला. व्यभिचारानंतर एमाला वाटणारा आनंद हा कादंबरीने केलेला व्यभिचाराचा गौरव आहे, असे सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी मांडले. फ्लोबेर निर्दोष सुटले. आक्षेपार्ह ठरवलेली भावना लेखकाची नसून मुक्त अप्रत्यक्ष निवेदनातून व्यक्त झालेली एमाची होती, असे विवेचन पुढे जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी केले.