कॉर्टिसॉल-चाचणी आणि डेक्सामेथासोन दमन चाचणी

रक्तातील किंवा लाळेतील कॉर्टिसॉल मोजून अधिवृक्क ग्रंथींचे आणि त्यांच्यावरील मेंदूच्या नियंत्रणाचे काम तपासण्याची पद्धत. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या या ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात, पण किती आणि कधी करायचे हे त्या स्वतः ठरवत नाहीत. मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे हॉर्मोन स्रवते. त्यामुळे पोष ग्रंथीतून एसीटीएच सुटते आणि एसीटीएचच्या प्रमाणात अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. रक्तातले कॉर्टिसॉल वाढले की ते वरच्या दोन्ही ठिकाणी जाऊन सीआरएच आणि एसीटीएचचे स्रवण कमी करते. या उलट नियंत्रणावरच पुढे वर्णिलेल्या दमन चाचणीचा सगळा आधार आहे.

दैनंदिन लय : कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर सारखी नसते. रात्री झोपणाऱ्या माणसात ती मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असते. पहाटे दोन-तीनच्या पुढे एसीटीएचचे झोत वाढू लागतात आणि सकाळी उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल कमाल पातळी गाठते. त्यानंतर दिवसभर ते उतरत जाते. ही उतरणही एकसारखी नसते, कारण स्राव झोताझोताने होतो. म्हणून एकाच माणसाचे सकाळी आठला आणि साडेआठला घेतलेले आकडे वेगळे आले तरी त्यात नवल नाही. बहुतेक प्रयोगशाळा सकाळची सामान्य कक्षा दर डेसीलीटरला साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम अशी छापतात (या नोंदीतील कॉर्टिसॉलचे सर्व आकडे याच एककात आहेत). कक्षा इतकी रुंद असल्याने सकाळच्या एकट्या आकड्यावरून अतिस्रावाचे निदान होत नाही आणि तो नाकारताही येत नाही.

ही लय घड्याळाला नव्हे, तर झोप-जागेच्या आणि उजेड-अंधाराच्या चक्राला बांधलेली असते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची किंवा कालच अमेरिकेहून आलेल्या प्रवाशाची ‘सकाळ आठ’ ही शरीराच्या हिशेबाने वेगळीच वेळ असते. अशा व्यक्तींची मध्यरात्रीची किंवा रात्रीच्या लाळेची तपासणी करू नये, लय स्थिर होईपर्यंत थांबावे. घरी रक्त घ्यायला येणारा माणूस साडेदहाला पोचला आणि नळीवर वेळ लिहिली नाही, तर तो अहवाल डॉक्टरांच्या फारसा उपयोगी पडत नाही. नमुना घेतल्याची नेमकी वेळ नळीवर आणि कागदावर लिहिणे हा तपासणीचाच भाग मानावा.

वेळेची निवड : कॉर्टिसॉल कमी पडते आहे अशी शंका असेल, तर ते सर्वांत जास्त असायला हवे त्या वेळी, म्हणजे सकाळी आठ-नऊच्या आत मोजतात. सकाळीही ते 3 च्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की असते आणि 15 च्या वर असेल तर ती संभवत नाही. मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथी कितपत प्रतिसाद देते ते पाहतात. उलट, कॉर्टिसॉल जास्त होत असल्याची शंका असेल तर ते सर्वांत कमी असायला हवे त्या वेळी पाहायचे. कुशिंग विकारात सकाळचा आकडा अनेकदा सामान्य कक्षेत असतो, पण रात्रीची घसरण नाहीशी झालेली असते. झोपेतल्या माणसाचे मध्यरात्रीचे कॉर्टिसॉल 1.8 च्या खाली असेल तर त्या वेळेपुरता तरी अतिस्राव नाही असे समजतात. मात्र त्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागते, आणि सुई टोचताना रुग्ण दचकून जागा झाला तर आकडा वाढू शकतो. म्हणून आता रात्री अकराच्या सुमारास घरीच लाळेचा नमुना घेतात, तोही वेगवेगळ्या दोन रात्री. त्याआधी दात घासून हिरड्यांतून रक्त आलेले चालत नाही, कारण रक्तातले कॉर्टिसॉल लाळेत मिसळते. तंबाखू आणि ज्येष्ठमधही टाळावे लागते. लाळग्रंथींतले एक विकर कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते, आणि ज्येष्ठमधातील द्रव्य नेमके तेच विकर रोखते. खोकल्यासाठी रात्री ज्येष्ठमधाची कांडी चघळण्याची सवय असेल तर ती आधी विचारून घ्यावी.

दमन चाचणीमागील तर्क : एखादा आकडा जास्त आहे का, यापेक्षा नियंत्रण शाबूत आहे का, हा प्रश्न अधिक नेमका आहे. शरीरात बाहेरून कॉर्टिसॉलसारखे औषध घातले, तर निरोगी पोष ग्रंथीने एसीटीएच थांबवले पाहिजे आणि कॉर्टिसॉल जवळजवळ शून्यावर आले पाहिजे. यासाठी डेक्सामेथासोन निवडण्याची कारणे दोन. कॉर्टिसॉलच्या तुलनेत ते साधारण 25 ते 30 पट प्रभावी असल्याने 1 मिलिग्रॅमची मात्रा पुरते. शिवाय कॉर्टिसॉल मोजणाऱ्या चाचण्या डेक्सामेथासोनला कॉर्टिसॉल समजत नाहीत. प्रेडनिसोलोन वापरले असते तर अनेक यंत्रांनी तेच कॉर्टिसॉल म्हणून मोजले असते आणि दमन झाले की नाही हे कळलेच नसते.

गोळी रात्री 11 ते 12 च्या दरम्यान घ्यायची आणि रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ते 9 च्या दरम्यान द्यायचे. ही वेळ लयीचा विचार करूनच ठरली आहे. गोळी घेतल्यानंतर दोन-तीन तासांत एसीटीएचची पहाटेची चढण सुरू व्हायची असते, आणि ती सुरू होण्याआधीच तिला रोखले जाते. सकाळी, म्हणजे एरवी सर्वाधिक असायचे त्या वेळी, कॉर्टिसॉल 1.8 किंवा त्याहून कमी आले तर दमन झाले असे मानतात. पूर्वी ही सीमा 5 होती. त्या सीमेत सौम्य कुशिंगचे काही रुग्ण निसटत, म्हणून ती खाली आणली. आता रुग्ण क्वचितच निसटतात, पण निरोगी माणसांपैकीही काहींचा आकडा सीमेच्या वर येतो. त्यामुळे ही चाचणी विकार नाकारण्यासाठी फार चांगली आहे. तो सिद्ध करण्यासाठी मात्र तिला दुसऱ्या चाचणीची साथ लागते.

अमेरिकी संशोधक ग्रँट लिडल यांनी 1960 मध्ये दोन दिवसांची मूळ पद्धत मांडली : दर सहा तासांनी अर्धा मिलिग्रॅम, आणि पुढच्या टप्प्यात दर सहा तासांनी 2 मिलिग्रॅम. एका रात्रीची सोपी पद्धत त्यानंतर रूढ झाली.

चाचणी फसण्याची कारणे : सर्वांत साधे कारण म्हणजे गोळी घेतलीच नाही किंवा उशिरा घेतली. दुसरे कारण भारतात विशेष महत्त्वाचे आहे. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन किंवा अपस्मारासाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर यकृत डेक्सामेथासोनचा झपाट्याने निचरा करते. सकाळपर्यंत औषध रक्तात पुरेसे उरतच नाही आणि निरोगी माणसातही दमन झाले नाही असे दिसते. त्याच नमुन्यात डेक्सामेथासोनची पातळी मोजली की हा घोटाळा उघड होतो. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांची अडचण वेगळी आहे. रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल एका प्रथिनाला बांधलेले असते. या गोळ्यांनी ते प्रथिन वाढते आणि मुक्त कॉर्टिसॉल तेवढेच असूनही एकूण आकडा फुगतो. त्या सुमारे सहा आठवडे बंद ठेवून चाचणी पुन्हा करावी, किंवा लाळेची तपासणी करावी, कारण लाळेत फक्त मुक्त कॉर्टिसॉल उतरते. तीव्र नैराश्य, अति मद्यपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांतही दमन अपुरे होऊ शकते.

या सगळ्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : रुग्ण कोणते स्टेरॉइड घेत आहे का? दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, वजन वाढावे म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या, चेहऱ्याला गोरेपणासाठी लावलेली मलमे, अंगदुखीवरच्या अनोळखी पुड्या, हे सारे विचारावे. चेहरा गोल झालेला आणि सकाळचे कॉर्टिसॉल मात्र जवळजवळ शून्य, असे आढळले तर औषध बाहेरून येत असल्याचा संशय प्रथम घ्यावा. अशा रुग्णाला दमन चाचणीची गरज नसते, आणि ते औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

उदाहरण : खालील आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण क्रम प्रत्यक्षातलाच आहे. 36 वर्षांच्या स्त्रीला दोन वर्षांत मधुमेह आणि रक्तदाब जडला. पोट वाढले, हातपाय मात्र बारीक झाले. मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, किंचित लागले तरी काळेनिळे होते आणि पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे आहेत. सकाळचे कॉर्टिसॉल 19 आले आणि अहवालावर ‘सामान्य’ असा शेरा पडला. लक्षणे इतकी बोलकी असताना त्या शेऱ्यावर थांबता येत नाही. 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोननंतर सकाळचे कॉर्टिसॉल 9.6 आले, म्हणजे दमन झाले नाही. दोन रात्रींची लाळही वाढलेली निघाली. इथपर्यंत अतिस्राव सिद्ध झाला. तो कुठून होतो, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि हा क्रम उलटवू नये. आधीच स्कॅन केले तर निरुपद्रवी गाठी सापडतात आणि त्यांच्यामागे धावण्यात वेळ जातो.

तिचे एसीटीएच 58 पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर आले. हा आकडाही छापील कक्षेत बसतो, पण कॉर्टिसॉल इतके जास्त असताना एसीटीएच दबलेले हवे होते. अधिवृक्क ग्रंथीतली गाठ स्वतःहून कॉर्टिसॉल करत असती तर ते 10 च्या खाली सापडले असते. म्हणजे अतिस्राव एसीटीएचमुळेच होतो आहे, आणि ते पोष ग्रंथीतून तरी येते किंवा फुप्फुसासारख्या दुसऱ्या अवयवातल्या गाठीतून तरी. इथे 8 मिलिग्रॅमची मोठी मात्रा कामी येते. पोष ग्रंथीची गाठ नियंत्रणाला पूर्ण बहिरी नसते. 1 मिलिग्रॅमला ती दाद देत नाही, पण 8 ला देते. अन्यत्र असलेली गाठ बहुधा कशालाच दाद देत नाही. या स्त्रीत 19 चे 5 झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त घट. कौल पोष ग्रंथीच्या बाजूने लागला, पण तो पक्का नव्हे. फुप्फुसातल्या काही सावकाश वाढणाऱ्या गाठीही मोठ्या मात्रेला दबतात. एमआरआयमध्ये 4 मिलिमीटरची गाठ दिसली, आणि एवढ्या लहान गाठी निरोगी माणसांतही सापडतात. म्हणून पोष ग्रंथीतून रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमध्ये नळी घालून तिथले आणि हाताच्या शिरेतले एसीटीएच एकाच वेळी मोजतात. तिथले दुपटीहून जास्त निघाले की मगच शस्त्रक्रिया ठरते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तर काही दिवसांत सकाळचे कॉर्टिसॉल 2 च्या खाली जाते. दीर्घकाळ दबलेल्या निरोगी पेशी लगेच जाग्या होत नाहीत, म्हणून रुग्णाला काही महिने हायड्रोकॉर्टिसोन घ्यावे लागते. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच असल्याने यंत्र तेही मोजते. ग्रंथी सावरली का हे पाहताना आदल्या दिवशीची दुपारनंतरची मात्रा आणि त्या सकाळची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार थांबवून आठ वाजता रक्त घेतात, आणि गोळी रक्त दिल्यावर लगेच घेतात.