खर्ड्याच्या चार फेऱ्या

काही वर्षांपूर्वी आमच्या निलंग्यात १७ सप्टेंबरच्या निमित्ताने एक स्मरणिका काढायचे ठरले. "गावचा इतिहास तुम्हीच लिहा, तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे," असे म्हणून काम माझ्या गळ्यात पडले. आता बघा, इतिहास लिहायला माणूस निवडला तो शुद्धलेखनावरून! पण मीही त्यात खूश होतो. चार रात्री बसून अकरा परिच्छेद लिहिले आणि पुढच्या दोन रात्री ऱ्हस्व-दीर्घ तपासले. मग मोठ्या ऐटीत तो कागद गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांना दाखवला.

त्यांनी पहिला परिच्छेद वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "गुरुजी, छप्पनच्या आधी आपण उस्मानाबादेत नव्हतोच की. बीदरला जायचो आपण."

खरेच होते ते. निजामाच्या राज्यात निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बीदरचे निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, आणि आम्ही उस्मानाबादकर झालो. १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरकर. मी मात्र 'निजामकाळापासून उस्मानाबाद जिल्ह्यात असलेला' असे लिहून त्यातला 'जि' ऱ्हस्व आहे ना, हे दोनदा तपासले होते. जे वाक्य खोटे होते, त्याला मी दोन रात्री पॉलिश करत बसलो होतो.

त्या दिवसापासून मी खर्डा एकदम तपासत नाही. चार वेगवेगळ्या फेऱ्या करतो: आधी मजकूर, मग क्रम, मग सूर आणि सगळ्यात शेवटी व्याकरण. ही अक्कल माझी नाही. नीट पाहिले तर मराठी गद्याचा सुरुवातीचा मोठा ग्रंथच साधारण याच वाटेने गेलेला दिसतो.

तो ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांचे लीळाचरित्र. तेरावे शतक सरत असतानाची गोष्ट. चक्रधरस्वामी निघून गेले होते आणि त्यांच्या आठवणी अनुयायांच्या तोंडी विखुरलेल्या होत्या. म्हाइंभट विद्वान माणूस. चार घटका बसून स्वतःच्या भाषेत एक सुंदर चरित्र लिहून टाकणे त्यांना काही अवघड नव्हते. पण त्यांनी आधी हिंडायला सुरुवात केली. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जायचे, त्याच्याकडून ते उतरवून घ्यायचे, आणि मग ते नागदेवाचार्यांपुढे ठेवून खात्री करून घ्यायची. ही झाली मजकुराची फेरी. मांडणीचा प्रश्न त्यानंतरचा. ती एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत झाली. स्वामी एकटे हिंडत होते त्या काळच्या लीळा एकांकात. म्हणजे कोणाकडून कोणती आठवण आधी मिळाली हा क्रम पुसून त्या जागी आयुष्याचा क्रम आला.

आणि सूर? महानुभाव परंपरेत नागदेवाचार्यांबद्दल सांगतात की केशिराजबासांना संस्कृतात लिहायचे होते, तेव्हा त्यांनी अडवले; अशाने माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. ग्रंथ कोण ऐकणार आहे ते ठरले की भाषा ठरते. म्हाइंभटांनी 'चार फेऱ्या' असे काही म्हटलेले नाही, ती माझी समजूत. पण कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, एवढे त्यातून नक्की शिकता येते. पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली. तेव्हाही जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे पाठभेद नोंदवून ठेवले गेले. वाक्य गुळगुळीत करण्यापेक्षा 'हे कोणी सांगितले' याला तिथे जास्त किंमत होती.

असो. माझ्या अकरा परिच्छेदांकडे परत येतो.

मजकुराच्या फेरीत मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक विधानापुढे समासात एकच अक्षर लिहिले. स्वतः पाहिले असेल तर 'पा', कोणाकडून ऐकले असेल तर 'ऐ', वाचले असेल तर 'वा'. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येईना ते विधान खोडले. या फेरीत वाक्य वाईट दिसले तरी हात लावायचा नाही, हा नियम. बीदरची चूक अशीच सापडली असती. त्या वाक्यापुढे मला यातले एकही अक्षर लिहिता आले नसते.

पण याच फेरीत दुसरेही काही दिसले, आणि त्याने माझी झोप उडाली. १९४८ वर माझे तीन परिच्छेद होते. रझाकारांनी काय केले ते सगळे होते, आणि ते खरेही होते. माझ्या आजीने मला स्वतः सांगितलेले. १३ सप्टेंबरला फौजा आत शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, तेही होते. त्यानंतर थेट झेंडा आणि पेढे! मधले काहीच नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत या भागातल्या मुसलमानांवर काय गुजरले, याची एकही ओळ नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद संस्थानात पाठवली होती. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे आमचा तेव्हाचा जिल्हा त्यात आहे! आणि आजीने त्या दिवसांबद्दलही सांगितले होते. शेजारच्या घरातली बाई दोन रात्री आमच्या कणगीमागे बसून होती, हे मी लहानपणी दहा वेळा ऐकलेले. ऐकले होते, पण लिहिले नव्हते. समासात 'ऐ' लिहिण्याजोगी गोष्ट कागदावरच नव्हती. मजकुराच्या फेरीत जे आहे ते तपासायचे असतेच, पण जे नाही तेही शोधायचे असते. व्याकरण तपासताना ते कधीच सापडत नाही, कारण न लिहिलेल्या वाक्यात चूक नसते.

दुसरी फेरी क्रमाची. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते एका ओळीत वेगळ्या कागदावर उतरवले आणि फक्त त्या ओळी वाचल्या. ज्याची एक ओळ होईना, दोन व्हायला लागल्या, तो परिच्छेद फोडला. ज्या दोन परिच्छेदांची ओळ एकच आली ते जोडले. मग उघड झाले की माझा लेख नीलकंठेश्वराच्या देवळापासून सुरू होऊन सेतुमाधवराव पगडींवर उडी मारत होता. पगडी १९१० साली निलंग्यात जन्मले, फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उलगडणारे एवढे मोठे इतिहासकार. त्यांचा अभिमान म्हणून मी त्यांना वर आणून बसवले होते. पण ते निजामी राजवटीत शिकले आणि तिथेच सरकारी नोकरीत लागले, हे वाचकाला कळायला ती राजवट आधी यायला हवी. त्यांना खाली नेले. आणि आजीची कणगी मी शेवटी 'एक हृद्य आठवण' म्हणून टाकायच्या विचारात होतो, ती उचलून १९४८ च्या सप्टेंबरात ठेवली. शेवटी ठेवली असती तर ती शोभेची झाली असती. तिथे ती घटना झाली.

तिसरी फेरी सुराची. ही मोठ्याने वाचून करायची, आणि वाचताना समोर एक ठरावीक माणूस बसला आहे असे धरायचे. मी धरले की आमच्या गल्लीतले चाचा ऐकत आहेत. स्मरणिका त्यांच्याही घरी जाणार होती. आणि तिथे माझी जीभ अडखळली. रझाकारांबद्दल मी लिहिले होते, 'नराधमांनी गावे लुटली, माणसे कापली.' आणि नव्याने घातलेल्या भागात लिहिले होते, 'त्यानंतर काही अनुचित प्रकार घडले.' दोन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध. पण पहिल्यात करणारा आहे, क्रियापदाला धार आहे, वर शिवी आहे. दुसऱ्यात करणारा गायब, आणि प्रकार आपले आपण 'घडले'! सूर तपासायची माझी खूण तेव्हापासून हीच आहे: कोणाच्या वेळी कर्ता दिसतो आणि कोणाच्या वेळी तो लपतो? मी दोन्हीकडे सारखेच केले. कोणी केले, कोणाला केले, काय केले. शिवी काढली, 'अनुचित'ही काढले. लेख त्यामुळे थंड झाला नाही. आजीची गोष्ट वाचताना चाचांसमोर मान खाली घालावी लागणार नाही, एवढे मात्र झाले.

मग कुठे चौथी फेरी, व्याकरणाची. ही मी शेवटच्या वाक्यापासून उलटी करतो, म्हणजे अर्थ ओढून नेत नाही आणि शब्द दिसतो. जुन्या पुस्तकांतून उतरवलेले 'नांव', 'कांहीं' तसेच राहिले होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारलेले अनुस्वार गेले. पण सगळेच अनुस्वार काढू नका हं. मी 'तीन तालुक्यात' लिहिले होते, तिथे 'तालुक्यांत' हवे, कारण तालुके अनेक आहेत. आजीच्या तोंडच्या वाक्यांना मात्र हात लावला नाही. ती जशी बोलली तशीच छापली.

फेऱ्या कधीकधी उलटतात, हेही सांगायला हवे. सुराच्या फेरीत 'कोणी केले' विचारल्यावर एका ठिकाणी मला उत्तरच माहीत नव्हते. म्हणजे ते मजकुराचे भोक होते. तेवढा परिच्छेद पहिल्या फेरीला परत गेला आणि चारही फेऱ्यांतून पुन्हा आला. एकच वाक्य तिसऱ्यांदा दुरुस्त करतोय असे लक्षात आले, तर समजावे की आपण चुकीच्या फेरीत आहोत. दोष शब्दात नाही, मागे कुठेतरी आहे.

स्मरणिका निघाली. संध्याकाळी चाचा ती हातात घेऊन ओट्यावर आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कणगीमागे बसली होती ती माझी खाला." इतकी वर्षे शेजारी राहून हे मला माहीत नव्हते.

माझ्या पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आणि ही बाई नव्हती.