अल्गो ट्रेडिंग आणि हाय फ्रिक्वेन्सी ट्रेडिंग

शेअर किंवा अन्य रोख्यांच्या खरेदी-विक्रीची ऑर्डर केव्हा, किती आणि कोणत्या भावाला टाकायची हे आधी ठरवून दिलेल्या नियमांनुसार संगणकाने ठरवणे म्हणजे अल्गोरिदमिक, बोलीभाषेत ‘अल्गो’, ट्रेडिंग. हाय फ्रिक्वेन्सी ट्रेडिंग हा त्याचाच अतिवेगवान प्रकार. त्यात एका सेकंदाच्या अत्यल्प भागात ऑर्डर टाकल्या, बदलल्या आणि मागे घेतल्या जातात, आणि दिवसअखेर हाती फारसे शेअर उरत नाहीत. या दोन संज्ञांची गल्लत नेहमी होते. सामान्य गुंतवणूकदाराच्या दृष्टीने मात्र त्यांतला फरक महत्त्वाचा आहे.

एखाद्या म्युच्युअल फंडाला एका कंपनीचे पाच लाख शेअर घ्यायचे असतील, तर सगळी ऑर्डर एकदम बाजारात आणणे म्हणजे भाव स्वतःच चढवून घेणे. म्हणून फंडाचा अल्गो तिचे शेकडो तुकडे करतो आणि दिवसभरातील उलाढालीच्या प्रमाणात ते थोडेथोडे टाकतो. खरेदीचा सरासरी भाव बाजाराच्या त्या दिवसाच्या सरासरीच्या आसपास राहावा, एवढाच हेतू असतो. येथे वेगापेक्षा गाजावाजा न होणे महत्त्वाचे. दरमहा एसआयपी भरणाऱ्याचे पैसे बहुधा अशाच अल्गोमार्फत बाजारात पोहोचतात. म्हणजे त्याला कल्पना नसली तरी तोही या तंत्राचा ग्राहक असतो.

हाय फ्रिक्वेन्सी ट्रेडिंगमध्ये वेग हेच भांडवल आहे. शेअर बाजारात ऑर्डरींची जुळणी भाव आणि वेळ या क्रमाने होते. चांगला भाव देणारा पुढे, आणि भाव सारखा असेल तर आधी आलेला पुढे. त्यामुळे रांगेत आधी पोहोचण्याला किंमत येते. भारतात सेबीने २००८ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांना बाजाराच्या यंत्रणेत थेट ऑर्डर टाकण्याची मुभा दिली. त्यानंतर राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, दलालांना आपले सर्व्हर बाजाराच्याच संगणककेंद्रात भाड्याच्या जागेत ठेवू दिले. यालाच को-लोकेशन म्हणतात. तेथून काही फर्म एकाच शेअरवर खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सतत लावून मधले काही पैसे कमावतात. काही फर्म एनएसई व बीएसईवरील, किंवा शेअर व त्याच्या फ्युचर्समधील, क्षणिक तफावत टिपतात. नफा प्रत्येक व्यवहारात नगण्य असतो, व्यवहार प्रचंड असतात.

ही शर्यत किती बारीक फरकावर चालते, हे एनएसईच्या को-लोकेशन प्रकरणात दिसले. सुरुवातीच्या काळात प्रत्येक ऑर्डरची माहिती सर्व्हरकडून दलालांना एकापाठोपाठ एक अशी जात असे. सकाळी जो आधी जोडला जाई त्याला ती आधी मिळे. शिवाय कमी गर्दीच्या राखीव सर्व्हरला जोडून घेणाऱ्याचाही फायदा होई. पुढे सर्वांना एकाच वेळी माहिती जाईल अशी पद्धत आली. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो वसुलीचा आदेश रद्द केला, पण दक्षतेतील त्रुटींसाठी १०० कोटी भरायला सांगितले. झळ मुख्यतः इतर वेगवान दलालांना होती. दहा वर्षांसाठी शेअर घेणारा या शर्यतीत उतरलेलाच नव्हता.

त्याला या सगळ्याचा भुर्दंड किती, हे साध्या हिशेबाने तपासता येते. भरपूर उलाढालीच्या एका शेअरचा खरेदीभाव ५९९.९५ आणि विक्रीभाव ६०० रुपये आहे, असे धरू. गुंतवणूकदाराने १०० शेअर घेतले आणि यंत्रांनी आधी झडप घातल्यामुळे त्याला पाच पैसे जास्त मोजावे लागले, तर नुकसान पाच रुपयांचे. याच ६०,००० रुपयांच्या डिलिव्हरी खरेदीवर ०.१ टक्का दराने एसटीटी ६० रुपये आणि ०.०१५ टक्का दराने मुद्रांक शुल्क ९ रुपये लागते. दोन्ही बाजूंनी भाव लावणाऱ्या यंत्रांच्या चढाओढीने मोठ्या शेअरमधील तफावत इतकी अरुंद राहते, हेही त्या पाच रुपयांसमोर मांडायला हवे.

कमी उलाढालीच्या शेअरमध्ये चित्र बदलते. समजा एका छोट्या कंपनीचे विक्रीस असलेले शेअर असे आहेत: २१२ रुपयांना ४०, २१४ ला ६० आणि २१९ ला १५०. पडद्यावर २१२ पाहून कोणी २५० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली, तर ती तिन्ही पायऱ्या खाऊन जाते. सरासरी भाव २१६.६८ पडतो आणि २१२ च्या हिशेबापेक्षा १,१७० रुपये जास्त जातात. यात वेगवान यंत्राचा काही हात असेलच असे नाही. दोष पातळ बाजाराचा आणि मार्केट ऑर्डरचा. २१३ ची लिमिट ऑर्डर टाकली असती, तर ४० शेअर मिळाले असते आणि उरलेल्यांसाठी थांबावे लागले असते. दीर्घकालीन खरेदीदाराला थांबणे परवडते.

खरा धोका पडझडीच्या मिनिटांत असतो. भाव लावणाऱ्या यंत्रांवर बाजारात टिकून राहण्याची सक्ती सहसा नसते. जोखीम वाढली की ती बाजूला होतात आणि मागणी अचानक आटते. ६ मे २०१० रोजी अमेरिकेत एका फंडाच्या अल्गोने आधीच घाबरलेल्या बाजारात सुमारे ४.१ अब्ज डॉलरची ७५,००० फ्युचर्स करारांची विक्री सुरू केली. भाव किंवा वेळ न पाहता केवळ उलाढालीच्या प्रमाणात विकत राहणे, एवढाच त्याला नियम होता. वेगवान फर्म तेच करार आपापसांत फिरवू लागल्या, त्यामुळे उलाढाल फुगली आणि अल्गो आणखी जोरात विकू लागला. आधीच घसरलेला डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत आणखी कोसळला, त्या दिवसाची घसरण जवळपास हजार अंकांवर गेली, आणि लगेच तो बराचसा सावरला. अ‍ॅक्सेंचरच्या शेअरचा एक सेंटलाही सौदा झाला. फार विपरीत भावांचे सौदे पुढे रद्द करण्यात आले, सगळे नव्हे. त्या दुपारी ज्याची कोणतीही ऑर्डर बाजारात नव्हती त्याचे काही गेले नाही. फटका बसला तो मिळेल त्या भावाला विकणारी स्टॉप-लॉस ऑर्डर लावून ठेवणाऱ्यांना. असा स्टॉप-लॉस दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीवर लावणे म्हणजे पडझडीतील सर्वात वाईट भाव आधीच मान्य करून ठेवणे होय.

वायदे बाजारात, विशेषतः ऑप्शनमध्ये, सामना थेट यंत्रांशी होतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्याच पाहणीत परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यातील ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या फर्मच्या नफ्यातील ९६ टक्के वाटा अल्गोचा होता. शेअर धरून ठेवणारा या आकडेवारीत कोठेच नसतो. झटपट कमाईसाठी ऑप्शनकडे वळला की मात्र येतो.

आता तयार अल्गो किरकोळ ग्राहकांनाही विकले जातात. त्यांसाठी सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये चौकट आखली. तिच्यानुसार जबाबदारी दलालाची, अल्गोची बाजाराकडे नोंदणी, आणि प्रत्येक अल्गो-ऑर्डरला ओळखचिन्ह आवश्यक ठरले. ज्याचे नियम ग्राहकाला दिसत नाहीत असा अल्गो विकणाऱ्याने संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणी झाली म्हणजे अल्गो नफा देतो असे नव्हे. जाहिरातीतील जुन्या आकड्यांवरचा परतावा बहुधा दलाली, कर आणि प्रत्यक्षात मिळणाऱ्या भावातील फरक वजा न करताच दाखवलेला असतो.